पहिली भेट: कुठे बसायचं, काय बोलायचं आणि याबद्दलचं संशोधन कसं वाचायचं

काही महिन्यांपूर्वी रात्री साडेदहाला माझ्या मावसभावाचा फोन आला. "ताई, मी आज नापास झालो गं." परीक्षा वगैरे काही नव्हती. लग्नासाठी आलेल्या एका स्थळाला तो एकटाच भेटायला गेला होता. घरच्यांनीच सांगितलं होतं, आधी तुम्ही दोघं बोलून घ्या, मग आम्ही बघू. भेट चाळीस मिनिटांत संपली. चार दिवसांनी मावशीकडे निरोप आला: मुलगा चांगला वाटला, पण त्याला आमच्या मुलीत काही रस दिसला नाही. एक विचारून झालं की लगेच दुसऱ्याच विषयावर जायचा.

गंमत म्हणजे त्याला रस होता. भरपूर होता. म्हणून तर तो इतका घाबरलेला होता. मग समोरच्या व्यक्तीला नेमकं उलटं का दिसलं? दोन अनोळखी माणसं पहिल्यांदा बोलतात तेव्हा काय होतं, हा माझ्या पीएचडीच्या विषयाचाच भाग आहे. तरी घरातल्या माणसाला सल्ला द्यायची वेळ आली तेव्हा मला पेपर पुन्हा उघडून बसावं लागलं. ते वाचताना जे सापडलं ते इथे सांगते. तुम्ही संशोधनाच्या वाटेवर असाल, तर हे पेपर वाचताना कुठे थांबायला हवं तेही मध्ये मध्ये येईल. (मावसभावाची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)

धाकधुकीचं खरं नुकसान

त्याला मी ती भेट आठवून सांगायला लावली. जागा म्हणजे एका गजबजलेल्या रस्त्यावरचा कॅफे. लहानसं चौकोनी टेबल, दोघं समोरासमोर, डोक्यावर स्पीकर. संवाद साधारण असा:

"शिक्षण कुठे झालं तुमचं?"
"सांगलीला. मध्ये एक वर्ष सोडलं होतं, मग परत सुरू केलं."
"अच्छा. आणि भावंडं किती?"

इथे थांबा. ती मुलगी आपणहून म्हणाली होती की एक वर्ष शिक्षण सोडलं होतं. असं वाक्य माणूस उगाच टाकत नाही. ते हातात दिलेलं टोक असतं, धरा आणि ओढा. यानं ते धरलंच नाही. मी विचारलं, का रे? तर म्हणाला, "ती असं म्हणाली हे मला आत्ता तुला सांगताना लक्षात येतंय."

याला मानसशास्त्रात बऱ्यापैकी जुना आधार आहे. १९७३ मध्ये माल्कम ब्रेनर या संशोधकानं एक साधा प्रयोग केला. माणसं गोलात बसवली आणि प्रत्येकानं आपली पाळी आली की एक शब्द मोठ्यानं वाचायचा. नंतर सगळ्यांना विचारलं, कोणकोणते शब्द आठवतात? स्वतःच्या पाळीच्या अगदी आधी इतरांनी वाचलेले शब्द लोकांना सगळ्यांत कमी आठवले. कारण उघड आहे: आपली पाळी जवळ आली की डोकं आपल्या वाक्याच्या तयारीला लागतं आणि कान नुसते उघडे राहतात.

आता दोघांच्या गप्पांत काय होतं बघा. इथे तुमची पाळी प्रत्येक वेळी 'पुढचीच' असते. शांत माणूस ऐकता ऐकता बोलणं जुळवतो. घाबरलेला माणूस मात्र समोरचं वाक्य सुरू असतानाच पुढचा प्रश्न घोकत बसतो. त्यामुळे समोरच्यानं काय सांगितलं ते निसटतं, प्रश्न आधीच्या उत्तराशी जुळत नाही, समोरचा तुटक उत्तर देतो, शांतता पसरते आणि धाकधूक आणखी वाढते. हे चक्र आहे. जागा आणि विषय निवडायचे ते हे चक्र कुठेतरी तुटावं म्हणून. "रिलॅक्स हो" म्हणून ते तुटत नाही.

चार सेकंद

या चक्रातली सगळ्यांत बोचणारी जागा म्हणजे शांतता. संभाषणात आपण एकमेकांच्या बोलण्याला किती पटकन उत्तर देतो, हे मोजलेलं आहे. तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये जगभरातल्या दहा भाषांमधली रोजची संभाषणं तपासली. हो-नाही प्रकारच्या प्रश्नांना उत्तर यायला सरासरी सेकंदाचा साधारण पाचवा भाग लागत होता. भाषाभाषांत फरक होता, पण थोडा. त्या दहांत मराठी नव्हती, ही गोष्ट लक्षात ठेवा. कुणाला तरी एक प्रबंध त्यातच सापडेल.

इतक्या वेगाची सवय असेल तर चार सेकंदांची शांतता किती लांब वाटत असेल? नेदरलँड्समध्ये नामकये काउडनबर्ग आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हेच तपासलं. लोकांना एका गटाच्या संभाषणाचा व्हिडिओ दाखवला आणि त्यातल्या एका व्यक्तीच्या जागी स्वतःला कल्पून बघायला सांगितलं. एका आवृत्तीत गप्पा सलग चालतात, दुसरीत एका बोलण्यानंतर चार सेकंद कुणीच बोलत नाही. दुसरी आवृत्ती बघणाऱ्यांना आपण नाकारले गेलो असं जास्त वाटलं. आणि बहुतेकांना तो खंड जाणीवपूर्वक लक्षातही आला नव्हता.

पण ही शांतता सगळीकडे सारखी वाईट नसते. डार्टमथमधल्या एमा टेम्पलटन आणि सहकाऱ्यांनी अनोळखी जोड्या आणि मित्रांच्या जोड्या यांची तुलना केली. त्यांचा २०२३ मधला पेपर सांगतो की, बोलण्यातले लांब खंड अनोळखी लोकांना अवघड करतात, मित्रांना करत नाहीत. मित्रांमध्ये तो खंड म्हणजे काहीतरी आठवून हसणं असतं, किंवा दोघं मिळून एखादी गोष्ट मुरवत असतात.

म्हणजे पहिल्या भेटीत शांतता येणारच, आणि तिचा अर्थ दोघंही वाईटच लावणार. शांतता टाळता येत नसेल तर एकच उपाय उरतो: शांततेला काहीतरी निमित्त मिळेल अशा जागी भेटायचं. मी जागेकडे बघते ती याच नजरेनं. वातावरण 'रोमँटिक' आहे का, हा प्रश्न नंतरचा. दोघं चार सेकंद गप्प राहिले तर त्यांना बघायला, करायला काही आहे का, हा आधीचा.

तिसरी वस्तू

विल्यम व्हाइट नावाच्या एका अमेरिकी अभ्यासकानं न्यूयॉर्कच्या चौकांमध्ये आणि इमारतींसमोरच्या मोकळ्या जागांमध्ये कॅमेरे लावून लोकांचं वर्षानुवर्षं निरीक्षण केलं. १९८० मध्ये आलेल्या त्याच्या पुस्तकात एक कल्पना आहे, तिला तो ट्रँग्युलेशन म्हणतो. दोन अनोळखी माणसं शेजारी उभी असतात आणि बोलत नाहीत. मध्ये एखादा जादूगार किंवा एखादं विचित्र शिल्प आलं की ती एकमेकांशी बोलू लागतात, जणू आधीपासून ओळख आहे. तिसरी वस्तू त्रिकोण पुरा करते. बोलायचं कारण दोघांच्या बाहेर असतं, त्यामुळे पहिलं वाक्य कुणाच्याच अंगावर येत नाही.

कॅफेत अशी तिसरी वस्तू नसते. तिथे असतो समोरचा चेहरा, आणि मेन्यूकार्ड, जे दोन मिनिटांत संपतं.

म्हणून पुढच्या भेटीसाठी (हे दुसरं स्थळ, तीन आठवड्यांनी) आम्ही पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय ठरवलं. तुम्ही गेला असाल तर माहीत असेल: दिवे, दरवाजे, वाद्यं, स्वयंपाकघरातली भांडी आणि अडकित्त्यांचे इतके प्रकार की माणूस सुपारी खात नसला तरी थांबतो. तिथे वस्तू रोजच्या वापरातल्या आहेत. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. चित्रांच्या दालनात 'मला यातलं काही कळत नाही' ही नवीच धाकधूक सुरू होऊ शकते. सुपारी कातरायच्या अडकित्त्यावर मत द्यायला कुणालाही पदवी लागत नाही, आणि बहुतेकांच्या घरी कुणीतरी आजी किंवा आजोबा असतातच ज्यांच्याकडे तसा एक होता. वस्तूकडून घराकडे जायला एकच पाऊल पुरतं.

अर्थात संग्रहालयच हवं असं नाही. रोपवाटिका चालेल, पुस्तकांचं प्रदर्शन चालेल, सकाळची टेकडी चालेल. नाटक-सिनेमा नको, कारण तिथे तिसरी वस्तू आहे पण बोलायला बंदी आहे. निर्जन जागाही नको. दोघांनाही, विशेषतः मुलीला, हवं तेव्हा उठून निघता आलं पाहिजे आणि आसपास माणसं असली पाहिजेत. ज्या जागेतून निघता येत नाही तिथे कुणीच निवांत नसतं.

मग बसायचं कुठे? संग्रहालयानंतर जवळच चहा ठरला होता. इथे रॉबर्ट सॉमर या मानसशास्त्रज्ञाचं काम उपयोगी पडलं. १९५० च्या दशकात कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात एका रुग्णालयाच्या वॉर्डात त्याला दिसलं की नवीन रंग, नव्या खुर्च्या असूनही वृद्ध स्त्रिया एकमेकींशी बोलतच नाहीत. खुर्च्या भिंतीला लागून ओळीत होत्या. त्यानं त्या लहान टेबलांभोवती मांडल्या. काही आठवड्यांत बोलणं जवळजवळ दुप्पट झालं. पुढे त्यानं जेवणाच्या टेबलांवर कोण कुणाशी बोलतं हे मोजलं, तेव्हा सगळ्यांत जास्त गप्पा टेबलाच्या कोपऱ्याच्या दोन बाजूंना, म्हणजे काटकोनात बसलेल्या माणसांत दिसल्या.

काटकोनाचा फायदा करून बघितल्यावर लगेच कळतो. समोरासमोर बसलात तर नजर हटवली की ती हटवल्यासारखी दिसते. काटकोनात बसलात तर नजर आपोआप पुढे, रस्त्याकडे असते आणि वाटलं तेव्हा मान वळवून बघता येतं. मात्र संशोधनाच्या विद्यार्थ्यांनी इथे एक प्रश्न विचारायला हवा: कोपऱ्यावर बसल्यामुळे लोक जास्त बोलले, की ज्यांना बोलायचं होतं ते कोपऱ्यावर बसले? जेवणघरातल्या निरीक्षणावरून हे ठरत नाही. वॉर्डात खुर्च्या संशोधकानं हलवल्या होत्या, म्हणून तो पुरावा अधिक वजनदार.

शेवट आधीच ठरवायचा, हेही आम्ही पक्कं केलं. ॲडम मास्ट्रोयानी आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवलं की संभाषणं दोघांनाही हव्या त्या क्षणी जवळजवळ कधीच संपत नाहीत. कारण दोघंही आपली इच्छा लपवतात. 'मला साडेसहाला निघायचंय' हे भेटताच सांगितलं की दोघांच्याही डोक्यातलं एक काम कमी होतं. आणि भेट छान चालली असेल तर पावणेसात होतातच.

सोपा विषय म्हणजे हलका विषय नव्हे

मावसभावानं मोबाइलमध्ये बावीस प्रश्नांची यादी केली होती. मी ती पुसायला लावली. त्याच्या पहिल्या भेटीत प्रश्न कमी पडलेच नव्हते, ते एकमेकांना जोडलेले नव्हते.

हार्वर्डमध्ये करेन हुआंग आणि सहकाऱ्यांचा २०१७ मधला पेपर याच प्रश्नावर आहे. अनोळखी लोकांना जोडीजोडीनं पंधरा मिनिटं ऑनलाइन चॅट करायला लावलं. काहींना सांगितलं, किमान नऊ प्रश्न विचारा. काहींना सांगितलं, जास्तीत जास्त चार. जास्त प्रश्न विचारणारे समोरच्याला जास्त आवडले. त्यातही वजन होतं ते पाठोपाठच्या प्रश्नांना, म्हणजे समोरच्यानं आत्ता जे सांगितलं त्यालाच धरून विचारलेल्या प्रश्नांना. स्पीड डेटिंगच्या माहितीतही हे प्रश्न जास्त विचारणाऱ्यांना दुसऱ्या भेटीसाठी जास्त होकार मिळालेले दिसले. विषय बदलणारे प्रश्न ते काम करत नाहीत. कारण पाठोपाठचा प्रश्न एकच गोष्ट सिद्ध करतो: मी ऐकलं.

त्याच पेपरमधली एक बारीक गोष्ट मला फार आवडते. तेच संभाषण तिसऱ्या माणसाला वाचायला दिलं, तर त्याला प्रश्न विचारणारा जास्त आवडत नाही. प्रश्नांमुळे आवड वाढते ती ज्याला विचारलं त्याची. तुम्ही जोड्यांवर काम करणार असाल तर 'कुणाचं मत मोजलं' हा कॉलम आधी शोधा. नाहीतर निष्कर्ष उलटा वाचला जातो.

पण नुसतं विचारत राहिलं तर मुलाखत होते. सुझन स्प्रेचर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अनोळखी जोड्यांना स्काइपवर बोलायला लावलं. काही जोड्यांत दोघं आळीपाळीनं स्वतःबद्दल सांगत होते. काही जोड्यांत आधी एकानंच सांगायचं, दुसऱ्यानं ऐकायचं, मग भूमिका बदलायच्या. आळीपाळीनं सांगणाऱ्या जोड्यांना एकमेकं जास्त आवडली. शेवटी दोघांनीही सांगितलेलं असलं, तरी देवाणघेवाण वेळच्या वेळी व्हावी लागते. उधारी चालत नाही.

यावरून सोप्या विषयाची माझी स्वतःची कसोटी अशी. उत्तरात एखादं ठिकाण, माणूस किंवा दिवस यायला हवा, म्हणजे पुढचा प्रश्न उत्तरातूनच मिळतो. आणि तोच प्रश्न परत आला तर उत्तर द्यायला आपणही तयार हवं. 'छंद काय तुमचे?' या प्रश्नाचं उत्तर येतं 'वाचन, संगीत, ट्रेकिंग', आणि गाडी तिथेच थांबते. 'गेला रविवार कसा गेला?' याच्या उत्तरात माणसं येतात, जागा येतात, स्वयंपाक येतो, भावाची गाडी बंद पडलेली येते. पगार, पॅकेज, फ्लॅट हे विषय दोन्ही घरांना माहीत असतातच. पहिल्या भेटीत त्यांचं उत्तर म्हणजे आकडा, आणि आकड्याला पाठोपाठचा प्रश्न विचारला की ती चौकशी होते. ते बोलायला लागतंच, पण दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत.

मग गंभीर विषय टाळायचेच का? इथे मी स्वतः चुकत होते. मी त्याला सांगणार होते, पहिल्या भेटीत हलकंफुलकंच ठेव. पण मायकल कार्डस, अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांच्या प्रयोगांत लोकांना अनोळखी माणसाशी मनातलं बोलायला लावलं आणि आधी विचारलं, किती अवघडल्यासारखं होईल? नंतर विचारलं, किती झालं? अंदाजापेक्षा प्रत्यक्षात अवघडलेपण कमी निघालं. समोरच्याला आपल्यात रस नसेल असं आपण धरून चालतो आणि ते बहुधा चूक असतं. म्हणून सल्ला बदलला: गंभीर विषय तू काढू नकोस, पण तिनं टोक दिलं तर सोडू नकोस. सांगलीचं ते एक वर्ष असं टोक होतं.

दोन प्रसिद्ध प्रयोग, जे इथे लागू करू नका

हा विषय निघाला की कुणीतरी 'छत्तीस प्रश्न' पाठवतंच. मूळ पेपर आर्थर आरन आणि सहकाऱ्यांचा, १९९७ चा. प्रश्न तीन संचांत आहेत, प्रत्येक संचाला पंधरा मिनिटं, आणि ते हळूहळू अधिक खाजगी होत जातात. तुलनेसाठी दुसऱ्या जोड्यांना साध्या गप्पांचे प्रश्न दिले होते. २०१५ मध्ये वर्तमानपत्रातल्या एका लेखानंतर हे प्रेमात पडायचं सूत्र म्हणून गाजलं. पण तो प्रयोग प्रेम मोजण्यासाठी नव्हताच. प्रयोगशाळेत तात्पुरती जवळीक कशी निर्माण करता येईल, म्हणजे तिचा अभ्यास करता येईल, हा हेतू होता. शिवाय दोघांना संशोधकानं सांगितलेलं असतं की हेच विचारायचं आहे. प्रश्न आगाऊ वाटला तरी दोष कागदाचा. चहाच्या टेबलावर तुम्ही आपल्या मनानं तोच प्रश्न विचारलात तर दोष तुमचा.

दुसरा प्रयोग झुलत्या पुलाचा. १९७४ मध्ये डटन आणि आरन यांनी व्हँकुव्हरजवळच्या कॅपिलानो पुलावरून जाणाऱ्या पुरुषांना एका स्त्री संशोधक-सहायिकेकडून प्रश्नावली भरायला लावली आणि तिचा नंबर दिला. झुलत्या पुलावरच्या नंबर घेतलेल्या अठरांपैकी नऊ जणांनी फोन केला, मजबूत पुलावरच्या सोळांपैकी दोघांनी. यावरून लोक सल्ला देतात: पहिल्या भेटीत काहीतरी थरारक करा. पण आकडे किती लहान आहेत ते बघा. आणि मुख्य म्हणजे त्या पुलावर गप्पा नव्हत्या. एक ठरलेली प्रश्नावली होती. आपली अडचण आकर्षणाची नाही, ऐकू न येण्याची आहे. आधीच धडधडणाऱ्या माणसाची धडधड वाढवून त्याला शेजारच्याचं बोलणं जास्त नीट ऐकू येईल, असं त्या पेपरमध्ये कुठेही नाही.

ती भेट

रविवारी दुपारी चारला दोघं संग्रहालयात भेटले. मी तीनच गोष्टी सांगितल्या होत्या: वस्तूंबद्दल बोलायला सुरुवात कर, तिचं वाक्य पूर्ण होईपर्यंत पुढचा प्रश्न ठरवू नकोस, आणि सहाला निघायचंय हे आधी सांग.

पहिली दहा मिनिटं, त्याच्याच शब्दांत, 'शाळेची सहल'. दोघं पाट्या वाचत होते. मग अडकित्त्यांपाशी ती म्हणाली, "आमच्या आजीचा असाच होता, घोड्याचा. तो वाटणीत काकांकडे गेला."

हा म्हणाला, "मग आजीला काय वाटलं?"

तो सांगतो, हा प्रश्न त्यानं ठरवलेला नव्हता. तिनं आजीचं सांगितलं, वाटणीचं सांगितलं, काकांशी तीन वर्षं अबोला होता तेही सांगितलं. मग यानं आपल्या घरातल्या वाटणीचं सांगितलं, ज्याबद्दल आमच्याकडे कुणी सहसा बोलत नाही. मला ऐकून धक्काच बसला. बाहेर चहाला दोघं टेबलाच्या कोपऱ्याशी बसले. दोनदा बराच वेळ कुणी बोललं नाही. दोन्ही वेळा दोघं रस्त्यावर अडकलेल्या टेम्पोकडे बघत होते.

रात्री फोन. "ताई, परत फेल. मी फार बोललो. वाटणीचं कशाला काढलं मी? तिला आवडलं नसणार."

यावर एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांचा २०१८ मधला पेपर आहे. अनोळखी माणसांनी काही मिनिटं गप्पा मारल्या. मग प्रत्येकाला दोन गोष्टी विचारल्या: समोरचा तुम्हाला किती आवडला, आणि त्याला तुम्ही किती आवडला असाल? दुसरा आकडा सातत्यानं खऱ्यापेक्षा कमी निघाला. बुजऱ्या लोकांमध्ये ही तफावत जास्त होती. येल विद्यापीठात नव्यानं एकत्र राहायला आलेल्या विद्यार्थ्यांमध्ये ती महिनोन्‌महिने टिकली. म्हणजे भेटीच्या रात्री घाबरट माणसानं स्वतःला दिलेले मार्क हे मोजमापाचं वाईट साधन आहे. ते समोरच्याबद्दल फारसं काही सांगत नाही. मी त्याला म्हटलं, दोन दिवस निकाल लावू नकोस, आणि दोन दिवस मला फोनही करू नकोस.

एक गोष्ट मात्र मला कबूल करायला हवी. यातले बहुतेक प्रयोग अमेरिका-युरोपातल्या लोकांवर, त्यातही बऱ्याचदा विद्यार्थ्यांवर झालेले आहेत. तिथे दोन अनोळखी माणसं भेटतात आणि गप्पा संपल्या की घरी जातात. आपल्या या भेटीत प्रत्येकाच्या मागे एक घर उभं असतं आणि संध्याकाळी 'काय ठरलं?' विचारतं. त्या दडपणात पाठोपाठच्या प्रश्नाचा परिणाम तेवढाच राहतो का? कमीही असेल, कदाचित जास्तही. कुणी हा अभ्यास करणार असेल तर जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा, जोडप्यांवर सोडू नका. नाहीतर कमी घाबरणारी जोडपीच फिरायची जागा निवडतील आणि श्रेय जागेला जाईल. आणि साठ माणसं भेटली म्हणजे साठ स्वतंत्र नोंदी समजू नका. एकाची धाकधूक दुसऱ्याला लागते, त्यामुळे तुमच्याकडे तीस जोड्या आहेत. विश्लेषणाला बसण्याआधी गाइडशी पहिलं बोलणं याच्यावर करा.

मंगळवारी दुपारी तिनं त्याला एक फोटो पाठवला. जुना, अंधूक, कुठल्यातरी लग्नातला. आजीच्या हातात घोड्याचा अडकित्ता. खाली लिहिलं होतं, "काकूकडून मागवला. तुमच्या वाटणीची गोष्ट अर्धी राहिली."

त्यानं तो मला पुढे पाठवला आणि विचारलं, "याचा अर्थ काय?"

मी उत्तर दिलं नाही. त्यानंतर ते दोनदा भेटलेत. पुढचं मला माहीत नाही, आणि मावशी रोज विचारते.